रक्तवाढीचं औषध, दुधाचा पेला आणि मधले दोन तास

सातारा-सांगली भागात दारात म्हैस किंवा गाय असलेली घरं भरपूर. पोराला सकाळ-संध्याकाळ पेलाभर दूध दिलं की पोषणाची काळजी मिटली, असं घरात धरलं जातं. त्याच पोराला तपासणीत रक्त कमी निघतं, डॉक्टर लोहाचं पातळ औषध लिहून देतात आणि चव कडवट, लोखंडासारखी लागते म्हणून ते दुधाच्या पेल्यातच ढवळून पाजलं जातं. औषध रोज दिलं जातं, बाटल्या संपतात आणि दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन जवळपास तिथंच असतं. औषध बरोबर असतं, मापही बरोबर असतं. चूक वेळेत आणि सोबतीत असते.

औषध देण्याच्या वेळेचा सगळ्यात जास्त फरक लोहाच्या औषधात पडतो आणि सगळ्यात जास्त घरांत तेच चुकतं. म्हणून इथे लोह सविस्तर घेतलं आहे. लोहापेक्षा वेगळे, काही तर उलटे नियम असलेली दोन-तीन औषधं पुढे घेतली आहेत, म्हणजे सगळ्या औषधांना एकच नियम लावायची चूक होणार नाही.

पोटात काय घडतं

बहुतेक औषधं जठरात शोषली जात नाहीत. जठरातून पुढे, लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात पोचल्यावर ती रक्तात शिरतात. लोह तर मुख्यतः अगदी पहिल्या भागातच, जठर संपल्या संपल्या शोषलं जातं. त्यामुळे औषध तिथे कोणत्या अवस्थेत आणि कशाच्या सोबत पोचतं, याला महत्त्व आहे.

लोह शोषलं जायला ते विरघळलेलं असावं लागतं. जठरातलं आम्ल ते विरघळलेलं ठेवतं. दूध प्यायलं की आम्लाची धार कमी होते, आणि दुधातलं कॅल्शियम आतड्यात लोहाच्या शोषणात थेट अडथळा आणतं. 200 मिलीच्या एका पेल्यात 200 मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, म्हशीच्या दुधात त्याहूनही जास्त. चहात अडथळा वेगळ्या कारणाने येतो. त्यातली तुरट द्रव्यं लोहाला घट्ट धरून ठेवतात आणि ते लोह न शोषता शौचावाटे निघून जातं. ज्वारी, बाजरी, गहू, डाळी यांच्या सालीत फायटेट नावाचा घटक असतो, तोही लोहाला असाच बांधून टाकतो. भाकरी वाईट आहे असा याचा अर्थ नाही. औषध आणि भाकरी एकाच वेळी पोटात नकोत, एवढंच.

व्हिटॅमिन सी याच्या उलट काम करतं. लोहाला शोषता येईल अशा रूपात ठेवतं आणि अडथळा आणणाऱ्या घटकांच्या तावडीतून काही प्रमाणात सोडवतं. म्हणून लोहासोबत लिंबाचं पाणी चालतं, दूध चालत नाही.

‘उपाशीपोटी’ म्हणजे नेमकं किती

चिठ्ठीवर ‘उपाशीपोटी’ लिहिलं असेल तर खाण्याआधी निदान 1 तास किंवा खाल्ल्यानंतर निदान 2 तास, असा त्याचा अर्थ घ्यायचा. आणि दूध हे खाणं आहे. ही गोष्ट घराघरांत निसटते. ‘त्यानं काही खाल्लं नाही, नुसतं दूध प्यायलंय’ असं सांगितलं जातं, पण औषधाच्या दृष्टीने ते पोट भरलेलंच असतं. गाईचं किंवा म्हशीचं दूध जठरात फाटून दही-पनीरासारखं घट्ट होतं आणि पुढे सरकायला तीन-चार तासही लागू शकतात. चहासोबतची खारी किंवा दोन बिस्किटंही याच हिशेबात येतात. उपाशीपोटी फक्त पाणी चालतं.

अंगावर पिणाऱ्या तान्ह्या बाळाचं पोट मात्र रिकामं असं फारसं नसतंच. दर दोन-तीन तासांनी पिणाऱ्या बाळाला औषधासाठी उपाशी ठेवू नये. लोहाचे थेंब असतील तर दोन पाजण्यांच्या साधारण मधोमध द्यावेत. आईच्या दुधात कॅल्शियम गाईच्या दुधाच्या जेमतेम चौथाई असतं, त्यामुळे तिथे अडथळाही बराच कमी असतो.

एक उदाहरण, घड्याळासकट

समजा, तासगाव तालुक्यातली अडीच वर्षांची मुलगी आहे. वजन 10 किलो, हिमोग्लोबिन 8.4. दिवसातून तीन मोठे पेले, म्हणजे साधारण पाऊण लिटर दूध पिते. दुपारी चार वाजता आजीसोबत चहा-खारी. डॉक्टरांनी फेरस अॅस्कॉर्बेटचं पातळ औषध दिवसातून एकदा दिलं आहे.

पहिलं काम, बाटलीवरचं लेबल वाचणं. उपचारासाठी मुलांना सहसा किलोमागे रोज 3 मिलिग्रॅम ‘एलिमेंटल आयर्न’, म्हणजे औषधातलं प्रत्यक्ष लोह, दिलं जातं. या मुलीला ते 30 मिलिग्रॅम. लेबलवर ‘प्रत्येक 5 मिलीमध्ये एलिमेंटल आयर्न 30 मिलिग्रॅम’ असेल तर तिचं माप 5 मिली. पण त्याच नावाचे थेंब वेगळ्या ताकदीचे असतात. थेंबांच्या बाटलीत 1 मिलीत 10 मिलिग्रॅम असेल तर तिला 3 मिली लागतील, 5 नाही. मेडिकलमधून दुसऱ्या वेळी दुसरी बाटली मिळाली की माप पुन्हा विचारून घ्यायचं. घरातला चहाचा चमचा मापाला घेऊ नये, सोबतची सिरिंज किंवा मापाचं टोपण वापरावं.

आता वेळ. ही मुलगी पावणेसातला उठते. 7 वाजता चूळ भरून 5 मिली औषध, त्यावर अर्ध्या कपात थोडं लिंबू पिळलेलं पाणी. हवी तर त्यात चिमूटभर साखर घालावी. 8.30 ला नाश्ता आणि 200 मिलीचा पहिला पेला दूध. म्हणजे औषध आणि दुधाच्या मध्ये दीड तास. दुपारचं जेवण नेहमीसारखं. 4.30 ला चहाऐवजी दुसरा पेला दूध. 8.30 ला रात्रीचं जेवण. तिसरा पेला बंद.

तिसरा पेला बंद करणं आजीला पटत नाही, हे माहीत आहे. पण पाऊण लिटर दूध पिणाऱ्या अडीच वर्षांच्या मुलीच्या पोटात भात, डाळ, भाजी, अंडं यांना जागाच उरत नाही, आणि दुधात स्वतःचं लोह नगण्य असतं, एका लिटरमध्ये साधारण अर्धा मिलिग्रॅम. या वयाला दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत दूध पुरतं. दूध कमी केलं नाही तर औषधाची वेळ कितीही नीट साधली तरी मूळ कारण तसंच राहतं.

औषध सिरिंजने गालाच्या आतल्या बाजूला, जिभेच्या मागच्या भागाकडे, थोडं थोडं सोडावं. समोरच्या दातांवरून गेलं की दात काळपट दिसतात. हा डाग वरवरचा असतो, नंतर चूळ भरून दात घासले की हळूहळू जातो. शी गडद हिरवी किंवा काळी होणं अपेक्षित आहे. डांबरासारखी चिकट आणि उग्र वासाची झाली किंवा त्यात लाल रक्त दिसलं, तर ते औषधामुळे म्हणून सोडू नये, त्याच दिवशी दाखवावं.

सकाळी घाई असेल तर दुसरी जागा आहे संध्याकाळी 6.30. तेव्हा साडेचारच्या दुधाला दोन तास झालेले असतात आणि रात्रीच्या जेवणाला अजून दोन तास असतात. झोपताना दुधावर औषध, ही सगळ्यात सोयीची आणि सगळ्यात वाया जाणारी वेळ.

लिंबाऐवजी औषधानंतर पेरूची मऊ, बिया काढलेली फोड किंवा आवळ्याचा रस चालेल. महाबळेश्वर-वाईकडे हंगामात स्ट्रॉबेरी हाताशी असते, तीही चांगली. तासगावची द्राक्षं मात्र चवीला आंबटगोड असली तरी त्यांत व्हिटॅमिन सी फार थोडं असतं, त्यामुळे या कामाला उपयोगाची नाहीत. आणि लहान मुलाला अख्खं द्राक्ष तसंही देऊ नये, घशात अडकतं.

मळमळ होत असेल तर

रिकाम्या पोटी लोह सगळ्यांना सोसत नाही. काही मुलांना पोटात ढवळतं, उलटी होते, चौथ्या दिवशी मूल बाटली बघूनच तोंड मिटतं. अशा वेळी ताणून धरू नये. दुपारच्या जेवणानंतर तासाभराने द्यावं, फक्त त्या जेवणात दूध, दही, ताक नको आणि लिंबू पिळलेलं असावं. थोडं कमी शोषलं जाईल, पण रोज टिकणारा कमी शोषलेला डोस हा आठवड्यात बंद पडलेल्या उत्तम डोसापेक्षा केव्हाही बरा. शाळेत आठवड्याची लोहाची गोळी जेवणानंतर देतात ती याच कारणाने. तिथे हजारो मुलांना एकाच वेळी गोळी द्यायची असते आणि मळमळ टाळणं जास्त मोलाचं ठरतं.

एखाद्या दिवशी डोस राहिला तर दुसऱ्या दिवशी नेहमीचाच द्यावा, दुप्पट नाही.

लोहाच्या औषधाचा प्रकारही बघावा. लेबलवर ‘फेरस’ने सुरू होणारं नाव असेल (सल्फेट, फ्युमरेट, अॅस्कॉर्बेट) तर वरचे नियम लागू. ‘आयर्न पॉलीमाल्टोज’ असेल तर ते जेवणासोबत किंवा जेवणानंतर लगेच देता येतं, त्यात लोह एका आवरणात असल्यामुळे अन्नातले घटक त्याला तितके बांधत नाहीत. शेजारणीने ‘आम्ही जेवणानंतरच देतो’ असं सांगितलं तर तिची बाटली कोणती, हे आधी विचारावं.

अंगणवाडीतून किंवा आशाताईंकडून 6 महिने ते 5 वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा 1 मिली लोहाचं औषध मिळतं. ते प्रतिबंधासाठी असतं, त्यात 20 मिलिग्रॅम लोह असतं. उपचाराचं औषध घरी चालू असेल तर ते आशाताईंना सांगावं आणि दोन्ही चालू ठेवायचं का, हे डॉक्टरांना विचारावं. लोहाची बाटली उंचावर, बंद ठेवावी. मुलानं अर्धी बाटली तोंडाला लावली तर काही त्रास दिसत नसला तरी लगेच दवाखाना गाठायचा. पहिल्या उलट्यांनंतर काही तास मूल बरं वाटतं आणि मग अचानक खालावतं, अशी लोहाची विषबाधा असते.

उपयोग होतोय का, हे चार आठवड्यांनी कळतं. वेळ आणि माप नीट असेल तर हिमोग्लोबिन तोवर निदान 1 ग्रॅमने वाढायला हवं. आपल्या उदाहरणातल्या मुलीचं 8.4 वरून 9.4 च्या पुढे. वाढलं नाही तर बाटली बदलण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी सांगाव्यात: औषध किती वाजता दिलं, त्याच्या आगेमागे काय खाल्लं-प्यायलं आणि दिवसाचं दूध किती. त्यातून उत्तर मिळालं नाही तर मग जंत, थॅलेसेमिया अशा कारणांचा शोध. आणि आकडा ठीक झाला म्हणून औषध थांबवायचं नाही, शरीरातला साठा भरायला पुढे आणखी दोन-तीन महिने डॉक्टर ते चालू ठेवतात.

तिलाच कान दुखला आणि अँटिबायोटिक सुरू झालं

आता समजा, याच मुलीचा कान दुखतो आणि डॉक्टर अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलनेट देतात, दिवसातून दोनदा. इथे नियम उलटा आहे. हे औषध जेवणाच्या सुरुवातीला, पहिल्या एक-दोन घासांसोबत द्यायचं. यातला क्लॅव्ह्युलनेट हा भाग जेवणाच्या सुरुवातीला चांगला शोषला जातो आणि रिकाम्या पोटी मळमळ-जुलाबाचा त्रास जास्त होतो. नुसतं अमॉक्सिसिलिन असतं तर जेवणाआधी-नंतर याने काही बिघडलं नसतं.

म्हणजे तिचं घड्याळ असं: 7 वाजता लोह, 8.30 ला नाश्त्याचा पहिला घास आणि अँटिबायोटिक, मग उरलेला नाश्ता आणि दूध. रात्री 8.30 ला जेवणाच्या सुरुवातीला दुसरा डोस. दोन डोसांत बारा तास आपोआप पडतात. या औषधासोबत दूध चालतं. दुधाच्या पेल्यात मिसळायचं मात्र नाही, कारण अर्धा पेला उरला तर अर्धं औषध उरतं. चव घालवायची असेल तर आधी औषध सिरिंजने, वरून दोन घोट दूध.

हे औषध पावडर म्हणून येतं. उकळून पूर्ण गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालायचं, हलवायचं, फेस बसला की पुन्हा खुणेपर्यंत भरायचं. खूण चुकली तर प्रत्येक चमच्याची ताकद चुकते. फ्रीजमध्ये ठेवावं, बर्फाच्या कप्प्यात नाही, आणि साधारण सात दिवसांनी उरलेलं फेकून द्यावं, नेमके दिवस लेबलवर असतात. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तोच डोस पुन्हा एकदा द्यावा. पुन्हा उलटी झाली तर डॉक्टरांना विचारावं.

सगळ्या अँटिबायोटिकना दूध चालतं असं धरू नये. सिप्रोफ्लॉक्सॅसिन दूध-दह्यातल्या कॅल्शियमशी बांधलं जातं आणि लोहाशी त्याहून घट्ट. ते मुलांना क्वचित देतात, पण दिलं असेल तर दूध-दही आणि लोहाचं औषध दोन्ही त्यापासून लांब ठेवावं, किती तास ते लिहून घ्यावं.

जंताचं औषध: एकच गोळी, दोन सूचना

अल्बेंडाझोलची गोष्ट मुद्दाम समजून घ्यावी, कारण जेवण औषधाला मदतही करतं हे त्यात दिसतं. हे औषध पाण्यात जवळपास विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतं. तेलकट-तुपकट जेवणासोबत घेतलं की रक्तातलं त्याचं प्रमाण रिकाम्या पोटाच्या तुलनेत पाचपटीपर्यंत वाढू शकतं.

शाळेत आणि अंगणवाडीत जंतनाशक दिनाला 400 मिलिग्रॅमची गोळी देतात, तिथे जंत आतड्यातच असतात. औषधाने आतड्यात राहूनच काम करायचं असतं, त्यामुळे तुपाची गरज नाही. गोळी चावून खायची. 1 ते 2 वर्षांच्या बाळाला अर्धी गोळी, चुरून पाण्यात. पण आकडी येऊन तपासणीत मेंदूत टेपवर्मच्या अळीची गाठ निघाली, तर हीच गोळी डॉक्टर अनेक दिवस देतात. तेव्हा औषध रक्तातून मेंदूपर्यंत पोचायला हवं. तिथे प्रत्येक डोस तूप-भात किंवा सायीच्या दुधासोबतच द्यायचा. लोहाला नडणारं म्हशीचं दूध इथे कामी येतं. ही गोळी या आजारात स्वतःहून कधीच सुरू करू नये, सोबत सूज कमी करणारी औषधं लागतात.

थायरॉइडची गोळी आणि ताप

जन्मापासून थायरॉइड कमी असलेल्या बाळाला लेव्होथायरॉक्सिन रोज द्यावं लागतं. गोळी चुरून एक-दोन चमचे पाण्यात किंवा आईच्या दुधात कालवायची आणि लगेच चमच्याने द्यायची, पूर्ण बाटलीत नाही. जमेल तर पाजण्याच्या अर्धा तास आधी. लोह आणि कॅल्शियमची औषधं यापासून 4 तास दूर. सोयाच्या दुधाचा फॉर्म्युला चालू असेल तर डॉक्टरांना सांगायलाच हवं. या गोळीचं माप रक्ततपासणीवरून ठरतं, म्हणून रोज एकाच वेळी आणि एकाच पद्धतीने देणं महत्त्वाचं. कधी उपाशी, कधी दुधावर असं झालं तर तपासणीचे आकडे वरखाली होतात आणि माप उगाच बदललं जातं.

तापाच्या पॅरासिटामॉलला मात्र जेवणाची वाट बघायची गरज नाही. अन्नाने ते शोषायला थोडा उशीर होतो, एकूण शोषण तितकंच. तापात मूल जेवत नसेल तर ‘आधी दोन घास खा, मग औषध’ म्हणून त्याला रडवू नये, ताप उतरला की तेच खायला मागतं. आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक अॅसिड असेल तर ते पोटाला लागतात, म्हणून खाल्ल्यानंतर किंवा निदान थोड्या दुधावर द्यावेत. व्हिटॅमिन डीचे थेंब स्निग्धात विरघळणारे, ते दुधासोबत दिलेलेच चांगले.

दोन-तीन औषधं एकत्र चालू असली की चिठ्ठीच्या मागच्या बाजूला मुलाचं उठणं, दूध, नाश्ता, जेवण यांच्या खऱ्या वेळा लिहाव्यात आणि प्रत्येक औषधासमोर घड्याळातली वेळ डॉक्टरांकडून किंवा मेडिकलवाल्या फार्मासिस्टकडून भरून घ्यावी. ‘सकाळी एक, रात्री एक’ एवढं पुरत नाही. दुधाच्या आधी की नंतर आणि किती वेळ, हे तिथेच विचारून घ्यावं.